अवघड प्रोजेक्टनंतर मॅनेजरना फीडबॅक मागितला तेव्हा

आमचं डेटा मायग्रेशनचं प्रोजेक्ट फेब्रुवारीच्या अखेरीस संपलं. ग्राहकांची खाती जुन्या बिलिंग सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये न्यायची होती आणि त्या हलवाहलवीची जबाबदारी माझ्याकडे होती. गो-लाइव्हची तारीख दोनदा पुढे ढकलावी लागली. खात्यांच्या शिलकीचा ताळा जुळत नव्हता, फायनान्सची मंडळी वैतागली होती आणि नव्या सिस्टिमच्या व्हेंडरबरोबरच्या बैठका शेवटी शेवटी फार कडवट झाल्या होत्या. अखेर सगळं सुरळीत चालू झालं. त्यानंतर मॅनेजरकडून मला ऐकायला मिळालं ते एवढंच: "अवघड होतं, पण निभावलंस."

त्या हे मनापासून म्हणाल्या होत्या. पण पुढच्या वेळी काय करायचं, हे त्यातून कळत नव्हतं. तारीख पुढे गेली त्यात माझा वाटा किती आणि परिस्थितीचा किती? फायनान्सशी बिनसलं ते टाळता आलं असतं का? रात्री हेच प्रश्न डोक्यात फिरत राहायचे आणि उत्तरं मीच द्यायची. एका रात्री सगळा दोष माझा असायचा, दुसऱ्या रात्री सगळा व्हेंडरचा. ज्यांनी हे सगळं जरा अंतरावरून पाहिलं होतं त्यांना विचारणं हाच मार्ग होता. प्रत्यक्ष विचारायला मला महिना लागला. त्या महिन्यात जी तयारी झाली तिच्यामुळेच पुढची तासाभराची भेट उपयोगाची ठरली, म्हणून ती इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी ठरवायचं होतं ते कधी विचारायचं. आमच्याकडे प्रोजेक्ट संपलं की क्लोजर रिपोर्ट भरावा लागतो आणि त्यात 'यातून काय शिकलो' असा एक रकाना असतो. शिवाय टीमची एक आढावा बैठक होते. पण तो रिपोर्ट बरेच जण वाचतात आणि बैठकीला सगळी टीम बसलेली असते. तिथे मॅनेजर कुणा एकाबद्दल स्पष्ट बोलत नाहीत, बोलूही नये. दुसरी जागा म्हणजे वार्षिक अप्रेझल. तिथे अडचण वेगळी आहे. अप्रेझलमध्ये मॅनेजरना आधी रेटिंग ठरवायचं असतं, मग इतर मॅनेजरांसमोर त्याचं समर्थन करायचं असतं, आणि तुमच्याशी बोलताना त्या रेटिंगला धरूनच बोलायचं असतं. ऐकणाऱ्याचेही कान पगारवाढीकडे लागलेले असतात. अशा वेळी "या प्रोजेक्टमध्ये तुझं हे चुकलं" असं कुणी म्हटलं तर आपण ते समजून घेण्याऐवजी खोडून काढायच्या मागे लागतो.

म्हणून मी मधला काळ निवडला. क्लोजर रिपोर्टवर सह्या झाल्या होत्या, सगळ्यांचा शीण थोडा उतरला होता आणि पोर्टलवर सेल्फ-असेसमेंटचा फॉर्म उघडायला अजून अवकाश होता. यापेक्षा फार उशीर करू नये असं मला वाटतं. अजून दोन-तीन महिने गेले की मॅनेजरच्या लक्षात फक्त गोळाबेरीज उरते. प्रसंग पुसले जातात, आणि आपल्याला तर प्रसंगच हवे असतात.

मग प्रश्नांचा पहिला मसुदा केला. "माझं काम तुम्हाला कसं वाटलं? माझ्या जमेच्या बाजू कोणत्या? मी कुठे सुधारणा करावी?" असे ते प्रश्न होते. दुसऱ्या विभागातली एक सहकारी आता स्वतः टीम सांभाळते, तिला दाखवले. ती म्हणाली, "या तिन्ही प्रश्नांना मी 'छान केलंस, फक्त संवाद थोडा सुधार' एवढं सांगून मोकळी होईन. आणि खोटं बोलले असंही मला वाटणार नाही."

असं का होतं, याचा मी थोडा शोध घेतला. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी 1970 मध्ये दाखवून दिलं की चांगली बातमी माणसं लगेच पोचवतात आणि वाईट बातमी सांगायला टाळाटाळ करतात. मग ती बातमी त्यांच्याबद्दलची नसली आणि तिच्यात त्यांचा काही दोष नसला तरीसुद्धा. मॅनेजर याला अपवाद कसे असतील? 'मी कुठे सुधारणा करावी' या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर त्यांना एकाच वेळी तीन गोष्टी कराव्या लागतात: प्रसंग आठवायचा, त्याचा दोष माझ्यावर ठेवायचा आणि ते माझ्या तोंडावर सांगायचं. यातलं सर्वांत जड काम दुसरं. ते त्यांच्यावर न टाकणारा प्रश्न शोधायला हवा होता.

त्याचा धागा मला जॉन फ्लॅनगन यांच्या कामात सापडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वायुदलात वैमानिकांची निवड आणि प्रशिक्षण यांवर काम करताना त्यांनी एक पद्धत वापरली आणि 1954 मध्ये ती लिहून मांडली. चांगला वैमानिक कसा असतो, असं मोघम न विचारता त्यांनी विचारलं की असा एक प्रसंग सांगा, त्यात नेमकं काय घडलं, त्या माणसाने काय केलं आणि त्याचा परिणाम काय झाला. मत मागितलं की विशेषणं मिळतात, प्रसंग मागितला की घडलेलं मिळतं. आणि जे घडलं ते सांगताना समोरच्याला दोषाचं वाटप करावं लागत नाही.

आणखी एका गोष्टीने मी सावध झाले. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डीनिसी यांनी 1996 मध्ये फीडबॅकवरच्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. सरासरीत फीडबॅकचा फायदा झाला होता, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा त्यानंतर काम आणखी खालावलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं की फीडबॅकने लक्ष कामाकडून हटून स्वतःकडे, म्हणजे 'मी कशी आहे' याकडे वळलं की त्याचा उपयोग कमी होतो. माझ्या पहिल्या मसुद्यातले तिन्ही प्रश्न 'मी कशी आहे' याच प्रकारचे होते. ते मी काढून टाकले.

नव्याने चार प्रश्न लिहिले आणि भेटीच्या आधी मॅनेजरना पाठवायचे ठरवले. आयत्या वेळी विचारलं तर माणूस जे चटकन तोंडावर येईल ते बोलतो. मेल अशी होती:

"मायग्रेशनबद्दल तुमच्याशी तासभर बोलायचं आहे. अप्रेझलसाठी नाही, पुढच्या प्रोजेक्टमध्ये काय बदलायचं ते मला ठरवायचं आहे. चार प्रश्न आहेत. पहिला, या प्रोजेक्टची तुम्हाला पहिल्यांदा काळजी कधी वाटली, आणि तेव्हा तुमच्यासमोर काय होतं? दुसरा, हे काम मार्गी लागावं म्हणून पडद्यामागे तुम्हाला असं काय करावं लागलं जे मला माहीत नाही? तिसरा, तारीख पुढे ढकलायचं मी जानेवारीत सांगितलं. त्या आधी आपल्याला जेवढं माहीत होतं तेवढ्यावर ते लवकर सांगता आलं असतं का? चौथा, एवढंच अवघड प्रोजेक्ट पुन्हा आलं तर त्यातला कोणता भाग तुम्ही निर्धास्तपणे माझ्याकडे द्याल आणि कोणता देताना थांबाल? उत्तरं लिहून पाठवायची गरज नाही, भेटीत बोलू."

'लिहून पाठवायची गरज नाही' हे मी जाणीवपूर्वक घातलं. लेखी मागितलं की मॅनेजर प्रत्येक शब्द तोलतात, कारण ते लेखी कधी कुणापर्यंत पोचेल ते सांगता येत नाही. 'अप्रेझलसाठी नाही' याबद्दलही स्पष्ट सांगते: भेटीत बोललेलं त्या पुढे विसरतील अशी माझी अपेक्षा नव्हती. भेटीचा हेतू काय हे त्यांना कळावं, एवढंच मला हवं होतं.

लगेच उत्तर आलं: "चांगले प्रश्न आहेत, विचार करते." पण कॅलेंडरवर टाकलेली वेळ आधी एकदा आणि मग पुन्हा पुढे गेली. दुसऱ्यांदा मला वाटलं, त्या टाळतायत. वाईट वाटलं. सहकारी म्हणाली, "टाळायचं असतं तर अर्ध्या तासाच्या वन-ऑन-वनमध्ये उरकलं असतं." मी तिसरी वेळ मागताना प्रश्न पुन्हा पाठवले नाहीत आणि आठवणीची मेलही केली नाही. भेट मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, एका बंद खोलीत झाली. काचेच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेत बसून असं बोलणं होत नाही, त्यामुळे खोली मीच बघून ठेवली होती.

त्यांनी सुरुवात केली ती अपेक्षेप्रमाणेच. "एकंदरीत तू उत्तम काम केलंस. संवादाचा भाग थोडा बघायला हवा." तयारी केली नसती तर मी "हो, बरोबर" म्हणून पुढे गेले असते. मी विचारलं, "संवाद म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर कोणता प्रसंग आहे?" त्या थांबल्या. म्हणाल्या, "दुसरी रंगीत तालीम." खरी भेट तिथून सुरू झाली. पुढच्या तासाभरात 'नेहमी', 'थोडं', 'एकंदरीत' असा शब्द आला की मी तेवढाच एक प्रश्न विचारत होते: कोणता प्रसंग?

गो-लाइव्हच्या आधी आम्ही पूर्ण मायग्रेशनच्या रंगीत तालमी करत होतो. दुसऱ्या तालमीत बऱ्याच खात्यांची शिल्लक जुन्या आणि नव्या सिस्टिममध्ये वेगवेगळी दिसली. मॅनेजर म्हणाल्या, "तफावत आली म्हणून मला काळजी वाटली नाही. तालीम त्यासाठीच असते. तुझ्या लागोपाठच्या दोन स्टेटस मेल्समध्ये 'तफावतीची तपासणी चालू आहे' हे एकच वाक्य आलं, आणि आकडा मला फायनान्सच्या प्रमुखांकडून कळला, तेव्हा वाटली."

हे मी अक्षरशः तसंच वहीत उतरवलं. स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर आपण ते नकळत सौम्य करतो किंवा नको तेवढं धारदार करतो. शिवाय लिहिता लिहिता उत्तर देता येत नाही, आणि त्या क्षणी मला उत्तर द्यायची फार घाई झाली होती. आकडा रोज बदलत होता म्हणून मी तो दिला नव्हता. अर्धवट आकड्याने घबराट होईल असं वाटलं होतं. हे सगळं जिभेवर आलं होतं. मी लिहीत राहिले आणि मग फक्त एवढं विचारलं, "बदलता आकडासुद्धा चालला असता?" त्या म्हणाल्या, "चालला असता. 'आज इतका आहे, उद्या बदलेल' एवढं पुरे होतं. आकडाच नसला की मी सर्वांत वाईट आकडा धरून चालते."

दुसऱ्या प्रश्नावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. ही शांतता सहन होत नाही आणि आपण काहीतरी बोलून ती भरून काढतो. "म्हणजे तसं काही नसेल तर राहू द्या" हे वाक्य मी ओठांवरच थांबवलं. मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "हे तुला दाखवू का, याचा विचार करत होते."

पडद्यावर शेजारी शेजारी दोन मेल्स होत्या. डावीकडे माझी, एका बुधवारची. तिच्यात अकरा मुद्दे होते आणि तफावतीचा मुद्दा सातवा होता: "ताळ्यातील तफावतीची तपासणी चालू आहे. मॅपिंग टेबलमधील स्टेटस कोडमुळे काही खाती वगळली जात असावीत. व्हेंडरकडून पॅच अपेक्षित." उजवीकडे त्यांची, त्याच संध्याकाळी सुकाणू समितीला गेलेली. तिच्यात चारच ओळी होत्या: "4 लाख खात्यांपैकी सुमारे 1,100 खात्यांची शिल्लक जुळत नाही. कारण: बंद करून पुन्हा चालू केलेली खाती नवी सिस्टिम बंदच समजते. व्हेंडरचा उपाय शुक्रवारपर्यंत येईल. तो आला नाही तर तारीख एक आठवडा पुढे जाईल. निर्णय सोमवारी घेऊ."

त्या मजकुरासाठी त्यांनी माझ्या टीममधल्या एकाला फोन करून आकडा घेतला होता आणि तालमीचा रिपोर्ट स्वतः उघडून वाचला होता. जवळजवळ प्रत्येक बुधवारी त्या हे करत होत्या. मला याची कल्पना नव्हती. मला वाटायचं, माझी मेल तशीच पुढे जाते. त्या दोन मजकुरांतला फरक बघून तपशील, क्रम आणि वाचणारा कोण याबद्दल मला जेवढं कळलं, तेवढं "संवाद सुधार" हे शंभर वेळा ऐकूनही कळलं नसतं. या चार प्रश्नांतला एकच विचारायचा असेल तर मी दुसरा विचारेन. आपल्या कामातल्या उणिवा मॅनेजर बहुतेक वेळा बोलून दाखवत नाहीत, स्वतः भरून काढतात. त्यांनी काय भरून काढलं हे विचारलं की उणीव आपोआप दिसते, आणि सांगणाऱ्याला ते टीका केल्यासारखं वाटत नाही. आपण केलेलं काम सांगितल्यासारखं वाटतं.

तिसऱ्या प्रश्नात 'त्या आधी जेवढं माहीत होतं तेवढ्यावर' हे शब्द महत्त्वाचे होते. शेवट माहीत झाल्यावर सगळ्यांनाच वाटतं की हे आधीच दिसत होतं. तसं मोकळं विचारलं असतं तर उत्तर बहुतेक "हो, लवकर सांगायला हवं होतंस" असं आलं असतं. त्यांनी कॅलेंडर उघडलं, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या हातात काय होतं ते पाहिलं आणि म्हणाल्या, "नाही. तेव्हा तू तारीख पुढे न्यायची मागितली असतीस तर मीच नाही म्हटलं असतं. पहिल्या तालमीचे निकाल चांगले होते." माझ्यासाठी हे उत्तर टीकेइतकंच मोलाचं होतं. तारखेच्या बाबतीत काही बदलायची गरज नाही, हे कळलं. नाहीतर पुढच्या प्रोजेक्टमध्ये मी पहिल्या शंकेलाच तारीख हलवायला निघाले असते.

याच प्रश्नावरून बोलणं एका नाजूक ठिकाणी गेलं. नोव्हेंबरमध्ये मी आणखी एक टेस्टर मागितला होता आणि तो मिळायला फार उशीर झाला होता. तो विषय निघताच मॅनेजर बजेट, इतर टीम्सच्या मागण्या, वरून येणाऱ्या मंजुरीला लागणारा वेळ, असं सांगू लागल्या. त्या माझ्याबद्दल बोलायचं सोडून स्वतःची बाजू मांडत होत्या, हे जाणवलं. त्यात गैर काही नाही. अवघड प्रोजेक्टमध्ये मॅनेजरचेही निर्णय अडकलेले असतात आणि तिथे बोट गेलं की कुणीही सावरून बसतो. अशा वेळी "पण मी तर आधीच मागितलं होतं" असं म्हटलं की भेट तिथेच संपते. मी त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं आणि प्रश्न वळवला: "ती मागणी मी कशी मांडली असती तर तुम्हाला वर नेणं सोपं गेलं असतं?"

उत्तर लगेच आलं. "तू लिहिलं होतंस, टेस्टरची गरज आहे. गरज सगळ्यांनाच असते. 'टेस्टर पंधरा तारखेपर्यंत मिळाला नाही तर तिसरी तालीम होणार नाही', असं लिहिलं असतंस तर मी ते वाक्य उचलून तसंच वर दिलं असतं." आणि थोड्या वेळाने, मी न विचारता, "तो निर्णय मीही लांबवला, हे खरंय."

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ऐकणं सर्वांत कठीण गेलं. तांत्रिक नियोजन, तालमी, टीम सांभाळणं हे सगळं त्या निर्धास्तपणे देतील. व्हेंडरबरोबरच्या बैठका मात्र एकटीकडे देणार नाहीत. कोणता प्रसंग, असं विचारल्यावर जानेवारीतली एक बैठक त्यांनी सांगितली. उशिरा आलेल्या पॅचबद्दल मी व्हेंडरच्या वरिष्ठांसमोर बोलले होते आणि त्यानंतर त्यांचा प्रोजेक्ट लीड आमच्याशी मोकळेपणाने बोलेनासा झाला होता. मला ती बैठक वेगळी आठवत होती. मला वाटत होतं, ते स्पष्ट बोलणं गरजेचं होतं. मी वाद घातला नाही, पण मान्य आहे असंही म्हटलं नाही. "यावर मला विचार करू द्या," एवढंच म्हटलं. न पटलेलं तिथल्या तिथे मान्य केलं तर ते खोटं ठरतं आणि मॅनेजरना ते कळतंही.

शेवटच्या दहा मिनिटांत मी वहीतलं वाचून दाखवलं आणि विचारलं, काही चुकीचं लिहिलंय का? त्यांनी एक वाक्य दुरुस्त केलं. हा वेळ राखून ठेवावाच, नाहीतर दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या भेटी राहतात.

बाहेर आले तेव्हा खूप थकवा आला होता आणि डोळे भरून आले होते. त्या दिवशी दुपारनंतर मी कुठलीही मोठी बैठक ठेवली नव्हती, ते बरं झालं. संध्याकाळी एक छोटी मेल पाठवली. त्यात भेटीतलं सगळं लिहिलं नाही. आभार मानले आणि मी काय बदलणार ते दोनच ओळींत लिहिलं: स्टेटस मेल चार ओळींची असेल आणि पहिल्या ओळीत आकडा असेल, माणूस किंवा वेळ मागताना न मिळाल्यास काय होईल ते तारखेसकट लिहीन. व्हेंडरच्या मुद्द्यावर दोन आठवड्यांत बोलते, असं कळवलं.

त्या मुद्द्यासाठी बैठकीत असलेल्या दोघांशी बोलले. मॅनेजर एकाच खुर्चीवरून बघतात. काही गोष्टी त्यांना इतरांपेक्षा चांगल्या दिसतात, काही दिसतच नाहीत. दोघांनाही एकच प्रश्न विचारला: त्या बैठकीनंतर व्हेंडरच्या लीडच्या वागण्यात तुम्हाला काय फरक दिसला? फायनान्सच्या सहकाऱ्याला माझं बोलणं योग्य वाटलं होतं. आमच्या टेक लीडने मात्र सांगितलं, "तू बोललीस त्यात काही वावगं नव्हतं. पण हे आज वरिष्ठांसमोर निघणार आहे, हे त्या लीडला माहीतच नव्हतं. तो मला बाहेर तेच म्हणाला." मॅनेजरना परिणाम दिसला होता, त्यामागचं कारण मात्र टेक लीडला माहीत होतं. मुद्दा आवाजाचा नव्हता, आधी न कळवण्याचा होता. हे घेऊन मी पुन्हा मॅनेजरकडे गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "हे मला माहीत नव्हतं. मग हे जमण्यासारखं आहे." नव्या प्रोजेक्टमध्ये व्हेंडरच्या पहिल्या काही बैठकांना त्या फक्त ऐकायला बसतील आणि त्याच दिवशी मला सांगतील, असं ठरलं.

स्टेटस मेलचा बदल लगेच तपासता आला. "आता माझा संवाद कसा वाटतो?" असं विचारलं असतं तर पुन्हा "छान" एवढंच मिळालं असतं. त्याऐवजी दर वन-ऑन-वनमध्ये मी विचारते, "या आठवड्याची मेल पुढे पाठवताना काय बदलावं लागलं?" सुरुवातीला बरंच बदलावं लागत होतं. एकदा त्यांनी कारणाची ओळ पूर्ण नव्याने लिहिली होती, कारण माझ्या ओळीत तीन तांत्रिक शब्द होते आणि समितीतल्या कुणालाच ते कळले नसते. मग एकेक शब्द बदलू लागला. मे महिन्यात एका बुधवारी मी समितीच्या मेलमध्ये कॉपीत होते आणि माझाच मजकूर, वर फक्त "माहितीसाठी" एवढं लिहून, पुढे गेलेला दिसला.

मध्ये अप्रेझलचा फॉर्म येऊन गेला. त्यात मी या भेटीचा उल्लेख केला नाही. 'सुधारणेचे प्रयत्न' या रकान्यात काय बदललं ते लिहिलं आणि पुरावा म्हणून जुनी एक आणि नवी एक अशा दोन स्टेटस मेल्स जोडल्या. व्हेंडरचं काम अजून सुरू व्हायचं आहे. नव्या करारावर सह्या झाल्या की पहिली बैठक लागेल, आणि तिचा अजेंडा त्यांच्या लीडला आदल्या दिवशी पाठवायचा असं मी आताच कॅलेंडरवर टाकून ठेवलं आहे.